सत्ताविभाजन आणि हक्कांवरच्या मर्यादा: दोन प्रकरणांचा एक सारांश

प्रश्न: एलएलबीच्या दुसऱ्या सत्राला आहे. घटनात्मक कायद्याच्या वाचनातल्या दोन प्रकरणांचा, म्हणजे सत्ताविभाजन आणि प्रत्येक मूलभूत हक्कावरच्या मर्यादा यांचा, मिळून चार पानांत सारांश द्यायचा आहे. माझी चौदा पानं झाली, तरी प्रत्येक हक्कापुढे ‘वाजवी निर्बंध घालता येतात’ एवढंच लिहिलंय. दोन्ही विषय एकत्र बसतच नाहीत. कुठे चुकतंय?

उत्तर:

दोन्ही प्रकरणं वेगळी समजून वाचलीत, तिथेच चुकलं. हक्कावर मर्यादा आली की दोन गोष्टी तपासायच्या असतात. ही मर्यादा घालण्याचा अधिकार कुणाला होता, आणि कोणत्या कारणासाठी, किती प्रमाणात? पहिल्याचं उत्तर सत्ताविभाजनाच्या प्रकरणात मिळतं, दुसऱ्याचं हक्कांच्या. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मसुदा करताना आम्हीही याच क्रमाने जातो. सारांश त्याच क्रमाने लिहिलात की तो आपोआप आटोपशीर होतो.

आधी सत्ताविभाजन. ‘कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ राबवतं, न्यायमंडळ न्याय देतं’ असे तीन कप्पे आखले की भारतीय घटना त्यात बसत नाही. मंत्री सभागृहाचेच सदस्य असतात. अनुच्छेद १२३ आणि २१३ खाली राष्ट्रपती आणि राज्यपाल वटहुकूम काढतात, म्हणजे कार्यकारी मंडळच तात्पुरता कायदा करतं. अनुच्छेद ५० न्यायमंडळ कार्यकारी मंडळापासून वेगळं करायला सांगतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे. कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे आणि राज्यपालांकडे असेल असं ५३ आणि १५४ स्पष्ट सांगतात. कायदे करण्याची किंवा न्यायदानाची सत्ता अमुक एकाकडे ‘निहित असेल’ असं वाक्य मात्र घटनेत सापडत नाही. मग विभाजन दिसतं कुठे? ते दोन निकालांच्या मधोमध दिसतं, आणि सारांशात या दोन निकालांना प्रत्येकी चार ओळी द्याव्यात असं माझं मत आहे.

पहिला १९५५ चा, राम जवाया कपूर विरुद्ध पंजाब राज्य. पंजाब सरकारने शालेय पाठ्यपुस्तकं स्वतःच छापायला आणि विकायला सुरुवात केली. त्यासाठी वेगळा कायदा केला नव्हता, शिक्षण खात्याच्या नुसत्या सूचना होत्या. ज्यांचा धंदा बसला त्या प्रकाशकांनी तक्रार केली की कायद्याशिवाय सरकारला हे करताच येत नाही आणि आमचा व्यवसायाचा हक्क मोडला. न्यायालयाने म्हटलं की सत्ताविभाजनाचं तत्त्व आपल्या घटनेने काटेकोर, पूर्ण स्वरूपात स्वीकारलेलं नाही, पण तिन्ही अंगांची कामं पुरेशी वेगळी केलेली आहेत. राज्याची कार्यकारी सत्ता अनुच्छेद १६२ प्रमाणे विधिमंडळाच्या विषयांपर्यंत पोचते, त्यामुळे असा उद्योग करायला दर वेळी आधी कायदा लागत नाही. आपलंच पुस्तक शाळेला लागावं असा कुठल्याही प्रकाशकाला हक्क नाही, म्हणून हक्कभंगही नाही. मात्र खासगी व्यक्तीच्या हक्कावर अतिक्रमण करायचं असेल तर कायदा लागेल, हेही न्यायालयाने त्याच निकालात सांगून ठेवलं. विद्यार्थी हा शेवटचा भाग गाळतात, आणि तुमच्या दोन प्रकरणांना जोडणारा दुवा नेमका तोच आहे.

दुसरा १९६२ चा, खडक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. दरोड्याच्या गुन्ह्यात पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाच्या घरी पोलीस आणि चौकीदार रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावत. आधार होता पोलीस नियमावलीतल्या २३६ व्या नियमाचा. तो कुठल्याही कायद्याखाली केलेला नव्हता, खात्याच्या अंतर्गत सूचना होत्या. मग त्यातून होणारा संकोच वाजवी आहे की नाही हा वाद घालण्याची वेळच आली नाही, कारण निर्बंधाला मुळात कायदाच नव्हता. रात्रीच्या घरभेटींचा भाग रद्द झाला. (याच निकालातलं खासगीपणाचा हक्क नाही हे मत २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी मोडीत काढलं. निकाल उद्धृत करताना तो भाग वापरू नका.)

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. हक्काला धक्का लागत नसेल तर सरकार कायद्याशिवाय हालचाल करू शकतं, आणि धक्का लागत असेल तर आधी कायदा दाखवावा लागतो. अनुच्छेद १९ च्या निर्बंधांच्या खंडांत ‘कायदा’ हा शब्द आहे, २१ मध्ये ‘कायद्याद्वारे प्रस्थापित प्रक्रिया’ आहे. परिपत्रक, तोंडी आदेश किंवा पोलीस ठाण्यातून आलेला फोन म्हणजे कायदा नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या वकिलांच्या मसुद्यांत ‘निर्बंध अवाजवी आहे’ यावर पानंच्या पानं असतात. त्या निर्बंधामागे कायदा आहे का, हे कुणी तपासलेलं नसतं. पहिला परिच्छेद त्याचा हवा.

सत्ताविभाजनाचा राहिलेला भाग न्यायालय आणि कायदेमंडळ यांच्यातला. हक्काशी विसंगत कायदा अनुच्छेद १३ खाली शून्यवत ठरतो आणि ते ठरवण्याचं काम ३२ आणि २२६ खाली न्यायालयांचं. उलट बाजूने, सभागृहाच्या कामकाजातल्या प्रक्रियेच्या चुका १२२ आणि २१२ प्रमाणे न्यायालय तपासत नाही. निकाल आवडला नाही तर कायदेमंडळ ‘निकाल चुकीचा आहे’ असा कायदा करू शकत नाही. निकाल ज्या दोषावर उभा आहे तो दोष मात्र कायदा बदलून काढून टाकू शकतं. हे वाक्य लक्षात ठेवा, खालच्या उदाहरणात लागेल. वटहुकमांच्या गैरवापरावर एक ओळ द्यायची असेल तर डी. सी. वाधवा खटला घ्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या या प्राध्यापकांनी बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात काढलेले २५६ वटहुकूम शोधून काढले. काही वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले होते. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनेशी केलेली फसवणूक ठरवली.

आता हक्क. ‘प्रत्येक हक्कावर वाजवी निर्बंध’ हे वाक्य सारांशातून काढून टाका, कारण ते खोटं आहे. ‘वाजवी निर्बंध’ ही अनुच्छेद १९ ची भाषा आहे. बाकीच्या हक्कांची मर्यादा वेगळ्या ठिकाणी लिहिलेली आहे, काहींची लिहिलेलीच नाही. म्हणून अनुक्रमांकाने जाऊ नका, मर्यादा कुठे आहे त्यावरून गट करा.

काही हक्कांची मर्यादा त्याच अनुच्छेदात, कारणं मोजून लिहिलेली आहे. १९ ही सहा स्वातंत्र्यं फक्त नागरिकांना देतो आणि प्रत्येकाची कारणं वेगळी ठेवतो. अभिव्यक्तीसाठी खंड (२) मध्ये आठच कारणं आहेत: सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. सभेसाठी खंड (३) मध्ये सुव्यवस्था आणि सार्वभौमत्व-एकात्मता एवढंच. संघटनेसाठी (४) मध्ये त्यांच्या जोडीला नीतिमत्ता. संचार आणि वास्तव्यासाठी (५) मध्ये सर्वसाधारण जनतेचं हित किंवा अनुसूचित जमातींचं संरक्षण. व्यवसायासाठी (६) मध्ये सर्वसाधारण जनतेचं हित, शिवाय व्यवसायाची पात्रता आणि सरकारी मक्तेदारी. धर्मस्वातंत्र्याच्या २५ ची सुरुवातच मर्यादेने होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि ‘या भागातील इतर तरतुदी’ यांच्या अधीन. धार्मिक संप्रदायांच्या २६ मध्ये पहिल्या तीन गोष्टी आहेत, चौथी नाही. परीक्षेत हा फरक विचारतात आणि न्यायालयातही तो महत्त्वाचा ठरतो.

दुसऱ्या गटात मूळ मनाई आणि तिला लिहून ठेवलेला अपवाद. १५ आणि १६ भेदभाव नाकारतात, आणि महिला, बालकं, मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल यांच्यासाठीच्या तरतुदींना वाट देतात. ५० टक्क्यांची मर्यादा घटनेत लिहिलेली नाही, ती इंद्रा साहनी निकालातून (१९९२) आली, आणि मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा ५ मे २०२१ रोजी रद्द झाला तो तिच्याच आधाराने. २२ अटकेत संरक्षण देतो, पण प्रतिबंधक स्थानबद्धतेला वेगळी वाट ठेवतो: तीन महिन्यांपुढे सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो. वेठबिगारीच्या २३ ला सार्वजनिक कामासाठीच्या सक्तीच्या सेवेचा अपवाद आहे, पण त्यात केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद चालत नाही.

तिसरा गट सर्वांत फसवा. १४ आणि २१ मध्ये निर्बंधाची कारणं लिहिलेलीच नाहीत, कसोटी न्यायालयांनी घडवली. १४ साठी दोन पायऱ्या: वर्गीकरण समजण्याजोग्या फरकावर उभं असावं आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी संबंध असावा. पुढे मनमानीपणाची कसोटीही जोडली गेली. २१ साठी मनेका गांधी निकालापासून (१९७८) प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी हवी, आणि पुट्टस्वामीनंतर कायदा, रास्त हेतू आणि हेतूच्या मानाने निर्बंधाचं प्रमाण, या तिन्ही गोष्टी पाहतात. अल्पसंख्याकांच्या संस्थांचा ३० हाही असाच. मजकुरात मर्यादा नाही, पण दर्जा राखण्यापुरते नियम न्यायालयांनी मान्य केले आहेत.

चौथ्या गटात मर्यादा नाहीच. अस्पृश्यतेचा १७ आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याची कामं बंद करणारा २४ यांना अपवाद नाही. मागून आलेल्या कायद्याने शिक्षा, एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा आणि स्वतःविरुद्ध साक्षीची सक्ती रोखणारा २० ही तसाच, फक्त प्रत्येक शब्दाची व्याप्ती न्यायालयांनी आखून दिली आहे. यांपुढे ‘वाजवी निर्बंध’ लिहिलंत तर परीक्षकाला पुढे वाचायची गरज उरत नाही. सर्व हक्कांना लागू होणाऱ्या गोष्टी शेवटी तीन ओळींत येतात. सैन्य आणि पोलीस दलांसाठी ३३. लष्करी कायद्यासाठी ३४. आणीबाणीत ३५८ आणि ३५९, त्यातही ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर २० आणि २१ ला हात लावता येत नाही.

कारणं हक्काहक्काला का बांधलेली असतात, हे समजायला सकाळ खटल्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही. १९५६ च्या कायद्याने वृत्तपत्राची पानं आणि किंमत यांचं प्रमाण ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला, आणि सरकारने १९६० मध्ये तसा आदेश काढला. पुण्याच्या ‘सकाळ’पुढे दोनच वाटा राहिल्या, किंमत वाढवणं किंवा पानं कमी करणं. सरकारचं म्हणणं होतं की मोठ्या वृत्तपत्रांच्या स्पर्धेत लहान पत्रं टिकावीत म्हणून हे व्यवसायाचं नियमन आहे, जनहिताचं आहे, म्हणून १९(६) मध्ये बसतं. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. पानं आणि खप यांवर थेट घाला पडतो तेव्हा तो अभिव्यक्तीवरचा निर्बंध ठरतो, आणि अभिव्यक्तीसाठी खंड (२) मध्ये ‘जनहित’ हे कारणच नाही. एका स्वातंत्र्याच्या खंडातलं कारण उसनं आणून दुसरं स्वातंत्र्य कापता येत नाही. कायद्याचं संबंधित कलम आणि आदेश दोन्ही गेले. इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकारकडे होतं: कायदा होता, त्याखालचा आदेश होता. दुसऱ्याचं नव्हतं.

आता दोन्ही प्रकरणं एकाच खटल्यात चालवून दाखवतो. महाराष्ट्रातल्या डान्सबार बंदीचा वाद २००५ पासून २०१९ पर्यंत चालला आणि तुमच्या वाचनातली बहुतेक सूत्रं त्यात आहेत.

२००५ मध्ये विधिमंडळाने मुंबई पोलीस अधिनियमात कलम ३३अ आणि ३३ब घातली. ३३अ ने उपाहारगृहं, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या सर्व प्रकारच्या नृत्यावर बंदी घातली. ३३ब ने नाट्यगृहं, फक्त सभासदांसाठीचे क्लब आणि जिमखाने, तीन आणि त्याहून वरच्या तारांची हॉटेलं यांना सूट दिली. पहिला प्रश्न: कायदा आहे का? आहे, विधिमंडळाने रीतसर केलेला. म्हणजे खडक सिंगचा आधार इथे घेता येत नाही आणि लढाई सरळ दुसऱ्या प्रश्नावर जाते.

इथे हक्क दोन. नृत्य करणाऱ्या महिलांचा आणि बारमालकांचा व्यवसायाचा हक्क १९(१)(छ), कारणांचा खंड (६). आणि ३३ब मुळे समानतेचा १४. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये या दोन्ही हक्कांच्या आधारे बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी ते कायम केलं. १४ ची दुसरी पायरी इथे कोसळते. हेतू महिलांचं शोषण थांबवणं असेल, तर तेच नृत्य तीन तारांच्या हॉटेलात चालावं आणि साध्या बारमध्ये चालू नये, या फरकाचा त्या हेतूशी संबंध काय? गिऱ्हाइकाच्या खिशावरून नीतिमत्ता ठरवता येत नाही, असाच निकालाचा रोख आहे. १९(६) वर न्यायालयाने असं पाहिलं की परवान्यांच्या अटी आणि पोलिसांचे आधीचे अधिकार वापरून अश्लीलता आणि शोषण रोखता आलं असतं. ते अपुरे पडले हे राज्याने दाखवलं नाही, आणि एकदम संपूर्ण बंदीवर उडी घेतली. बंदीने ज्या महिलांचं रक्षण करायचं होतं, त्यांचीच रोजी-रोटी गेली.

मग २०१४ मध्ये विधिमंडळाने ३३ब ची सूट काढून टाकली आणि बंदी सगळ्यांना सारखी लावली. वरचं वाक्य आठवा: निकालाचा दोष काढता येतो. पण निकाल दोन दोषांवर उभा होता आणि इथे फक्त १४ चा काढला गेला. संपूर्ण बंदीचा १९(६) चा दोष तसाच राहिला. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीला स्थगिती दिली. उत्तरपत्रिकेत ‘सरकारने निकाल डावलला’ असं लिहून थांबू नका. दोन दोषांपैकी कोणता काढला आणि कोणता राहिला ते लिहा. तिथेच गुण मिळतात.

२०१६ मध्ये विधिमंडळाने वेगळा कायदा केला. आता बंदी नव्हती, अटींसह नियमन होतं. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात प्रत्येक अट वेगळी तपासली गेली आणि हा भाग मला सर्वांत शिकण्याजोगा वाटतो. अश्लील नृत्याची व्याख्या आणि त्यावरची शिक्षा टिकली. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ टिकली. नोटा उधळण्यावरची बंदी टिकली, पण हातात बक्षिसी देण्याची मुभा राहिली. शाळा आणि धर्मस्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट गेली, कारण मुंबईत अशी जागाच उरत नाही आणि नियमनाच्या नावाखाली पुन्हा बंदीच होते. सीसीटीव्हीची सक्ती गेली ती खासगीपणाच्या मुद्द्यावर, म्हणजे तिथे २१ आला. परवान्यासाठी ‘चांगलं चारित्र्य’ हवं, ही अट संदिग्ध म्हणून गेली. एकाच कायद्यातली एक अट १९(६) वर पडते आणि दुसरी २१ वर, म्हणून ‘कायदा वैध की अवैध’ असा एकच शेरा लिहून भागत नाही.

चार पानांची वाटणी अशी करा. एक पान सत्ताविभाजनाला, त्यात राम जवाया आणि खडक सिंग शेजारी-शेजारी. दीड पान हक्कांच्या चार गटांना. दीड पान या एका खटल्याला. प्रत्येक हक्काची ओळ एका साच्यात ठेवा: हक्क कुणाचा, मर्यादा कुठे लिहिली आहे, कारण कोणतं, कसोटी कोणती. नमुन्यादाखल:

१९(१)(छ), व्यवसाय. फक्त नागरिक. मर्यादा खंड (६) मध्ये. कारण सर्वसाधारण जनतेचं हित. कायदा हवा, आणि निर्बंध हेतूच्या मानाने जास्त नको. संपूर्ण बंदी असेल तर कमी कडक उपाय का पुरले नसते, हे राज्याने दाखवावं.

२१, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य. कोणतीही व्यक्ती, परदेशी नागरिकही. मजकुरात कारणं नाहीत. कायद्याने ठरवलेली, न्याय्य आणि वाजवी प्रक्रिया हवी. आणीबाणीतही निलंबित होत नाही.

२४, बालमजुरी. चौदा वर्षांखालील मूल. मर्यादा नाही.

तिसरी ओळ एवढीच राहू द्या. इतर ओळींइतकी लांब करायला गेलात की ‘वाजवी निर्बंध’ पुन्हा आत शिरतील.